भाव नाही, माल कमी करा

पडदा वर जातो तेव्हा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतलं एक छोटं ऑफिस दिसतं. काचेपलीकडे पाऊच बनवणारं मशीन धडधडतंय. टेबलामागे मालक मेहुलभाई. समोर चिंचणीची रंभाबाई, अंबाड्यात अबोली, मांडीवर चिकूच्या चिप्सची पिशवी. बाजूच्या खुर्चीवर तिचा शेजारी, म्हणजे मी. आयुष्यभर नाटकांत कामं केली, पण इतक्या शांतपणे रंगमंच ताब्यात घेणारी नायिका मला कधी लाभली नाही.

तिने पिशवीतली एक चिप काढून वाकवली. ती मोडली नाही, लवली. खारी हवा साध्या पिशवीत शिरते. पालघरच्या दुकानदाराने याच कारणाने सगळा माल परत पाठवला होता. "महिनाभर कुरकुरीत राहील असं आणा, नायतर पुन्हा येऊ नका," म्हणाला होता.

"आतून चंदेरी असतो तो पाऊच पायजे," रंभाबाई म्हणाली.

"दहा हजार नगांपासून पुढे, काकी. छापून. भाव या कागदावर."

"कमी करा."

मेहुलभाई हसला. "सगळे हेच बोलतात. भाव याच्या खाली नाय उतरत."

"भाव कोणी विचारला? माल कमी करा. पाचशे द्या."

आता तो सावरून बसला. "पाचशेसाठी मशीन लावलं तर तेवढी फिल्म जुळवण्यातच वाया जाते. छपाईचे सिलिंडर वेगळे बनवायला लागतात. आणि तुमाला मी ओळखत नाय. हे दहा नमुने घ्या, फुकट."

मी म्हटलं, "रंभे, घे की." जुन्या सवयीने मी तिला शिकवूनही ठेवलं होतं, पुढच्या महिन्यात मोठी ऑर्डर देते म्हणून ठोकून दे.

तिने नमुने परत सरकवले. "दहा पाकिटांत काय कळतंय? थोडी घरात, थोडी दुकानात, थोडी समुद्राकडच्या खिडकीत ठेवायची हायत. आणि फुकट नको. मोठी ऑर्डर देईन असंही सांगत नाय, पाऊच टिकला तर बघू. छापू नका, मशीन लावू नका. तुमच्याकडं तयार पडलेल्या कोऱ्या मालातले द्या. स्टिकर मी लावीन. सुट्याचा भाव जास्त लावा, पैसे आताच घ्या."

मेहुलभाईने ती लवलेली चिप उचलून तोंडात टाकली, बराच वेळ चघळली.

"गोडीला छान हाय," तो म्हणाला आणि आत हाक मारली, "अर्चना, कोऱ्या मालातले पाचशे मोजून आण. बिल सुट्याच्या भावाने."

मग रंभाबाईकडे बघत डिवचलं, "फुकट घेतले असते तर वाचले असते ना पैसे. आता समजा, यातही चिप्स नरम पडल्या तर?"

रंभाबाई पदर सावरत उठली.

"तर इथंच येऊन भांडेन. फुकटच्या मालावर भांडता येत नाय, शेठ."