शेवटच्या दोन बाटल्या

शालनला मी सहा वर्षांत एकदाही थँक्यू म्हटलं नव्हतं. उलट रोज ओरडायचे. काय करू, माझं तोंडच असलं.

डोंगरीला माझा बॉटल मसाल्याचा, म्हणजे बाटलीत ठासून भरायच्या आमच्या लाल मसाल्याचा धंदा. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, भाजायच्या, कुटायच्या. तेवढाच मसाला वर्षभर विकायचा. शालन भाईंदर पश्चिमेहून येते, ऑनलाईन ऑर्डरी बघते, पॅकिंग करते. कामाला सावकाश, पण विचारल्याशिवाय पाऊल टाकणार नाही. त्यानेच माझं डोकं फिरायचं.

यंदा लोकांनी इतका उचलला की हावेपोटी मी घरची बाटलीही साईटवर टाकली. बघता बघता शेवटच्या दोन उरल्या, त्याही बुक झाल्या. त्याच सकाळी टॅनियाचा फोन आला. तिची आई, लिनेट आंटी, चार दिवस काही खात नव्हती. फक्त आमच्या मसाल्याचं कालवण मागत होती. मसाला कुटायला मला आंटीनेच शिकवलं, आणि मी तिलाच संपला म्हणून सांगितलं. फोन ठेवून मी रडले.

दोन्ही बाटल्या शांती नगरच्या सुभाष नावाच्या गिऱ्हाइकाच्या होत्या. एकच पत्ता, एकच नंबर, एकेक बाटली, मध्ये सहा मिनिटं. शालन म्हणाली, चुकून दोनदा झालंय, विचारते. मी भडकले. पैसे भरलेत, चारला कुरियरवाला येतोय, दोन्ही पाठव, म्हटलं. मग एक परस्पर रद्द करून टाक, असंही म्हटलं. तिने दोन्ही ऐकलं नाही. दोन फोन केले, उचलले नाहीत. मेसेज टाकला आणि पार्सलं बाजूला ठेवून बसली.

पावणेचारला सुभाषचा फोन आला. पैसे कटले, पण ऑर्डरचं पान उघडलं नाही, म्हणून त्याने पुन्हा केली होती. दोन झाल्यात हे त्याला ठाऊकच नव्हतं.

शालनने शांतपणे विचारलं, "सर, दुसरी निघायच्या आधी रद्द करू का? पैसे त्याच खात्यात परत येतील, पाच-सात दिवसांत."

तो हो म्हणाला. तरी तिने मेसेजवर लिहून घेतलं, मगच ऑर्डर रद्द केली आणि लेबल काढलं. मग बाटली माझ्या हातात दिली. टॅनियाचा फोन तिने ऐकला होता, पण तोवर त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

मी रिक्षाने तशीच निघाले. टॅनियाने कालवण केलं. आंटी भाताबरोबर वाटीभर जेवली. बोटं चाटली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, माझ्याही.

माझा हात धरून म्हणाली, "माझ्यासाठी ठेवली हुती ना गं, मॅबेल?"

मी हो म्हटलं. ठेवली होती ती शालनने.