सर की मॅडम

माझी धाकटी भावजय गेल्या वर्षी वारली. आपल्या मुलीनं आळस केला म्हणून तिची नोकरी हातची गेली, हे ती शेवटपर्यंत मानत होती. तसं तिला मीच सांगितलं होतं आणि ते खोटं होतं.

धाकटा भाऊ लवकर गेला. त्याची मुलगी आमच्याच घरात वाढली. मी धाराशिवला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. आयुष्यभर पत्रांचे मसुदे केले, त्यामुळं अर्ज कुणाचाही असो, मला दाखवल्याशिवाय घरातून बाहेर जात नसे. पुतणीनं शेतकीची पदवी घेतली आणि बियाण्यांच्या एका कंपनीकडं अर्ज केला. एका सोमवारी सकाळी तिला ईमेल आला. मुलाखतीच्या वेळा दिल्या होत्या. कोणती सोयीची आहे ते लगेच कळवा, उत्तरं येतील तशा वेळा भरत जातील, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

तिनं चार ओळींचं उत्तर मोबाइलवर लिहून मला दाखवलं. वर ‘डिअर’ आणि पुढं पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव. बस.

‘‘नुसतं नाव? तुझ्या वर्गातला हाय का तो?’’ मी म्हणालो.

‘‘तात्या, बाई हायेत का बुवा, नावावरनं कळंना. आडनाव कुठलं तेबी कळंना. मग खाली त्यांनी सही केलीय तसंच सगळं नाव लिहायचं. सर न्हाय, मॅडम न्हाय. कॉलेजात तसंच शिकवलंय.’’

मी चष्मा लावून नाव वाचलं. दक्षिणेकडचं होतं. आधी एक अक्षर, मग दोन शब्द. त्यातला कोणता वडिलांचा, कोणता गावाचा, कोणता स्वतःचा, काही उलगडेना. हुद्दा ‘टॅलेंट पार्टनर’. म्हणजे कंपनीतला भागीदार की आमच्यासारखाच कारकून?

नोकरीत असताना एका नव्या अधिकाऱ्यांना मी ‘महोदय’ लिहिलं होतं. त्या बाई निघाल्या. मला कारणे दाखवा नोटीस आली आणि सगळी कचेरी महिनाभर मला ‘महोदया’ म्हणून हाक मारत होती. ते मनात रुतून बसलं होतं. मी पुतणीला सांगितलं, चौकशी करतो, तोवर पाठवायचं नाही.

ती म्हणाली, त्यांनी तरी कुठं नीट लिहिलंय. आमच्याकडं मार्कमेमोवर आडनाव आधी असतं, म्हणून त्यांनी तिच्या आडनावालाच नाव समजून ‘डिअर’ लावलं होतं. ती त्यावर हसली होती. ‘‘मला राग आला का? त्यांना तरी कशाला येईल?’’

मी ऐकलं नाही. उमरग्याच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. कर्नाटक जवळ, त्याला कळेल. त्यानं छातीठोकपणे सांगितलं, बाईच. मंगळवारी सोलापूरचा एक जण तितक्याच खात्रीनं म्हणाला, पुरुष. मुलगी दोनदा येऊन दारात उभी राहिली. दुसऱ्यांदा म्हणाली, ‘‘तात्या, पाठवू का?’’ मी म्हणालो, ‘‘घाई करू नको.’’ तिनं माझा शब्द मोडला नाही. मोडला असता तर बरं झालं असतं.

बुधवारी दुपारी मी तिला ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ लिहायला लावलं. पंधरा मिनिटांत उत्तर आलं. वेळा कालच संपल्या, आपला अर्ज आम्हाला आवडला होता, पुढं जागा निघाली तर कळवू. खाली नुसतं एका शब्दाचं नाव. श्री नाही, श्रीमती नाही. आमच्या ‘रिस्पेक्टेड’बद्दल चकार शब्द नव्हता.

संध्याकाळी भावजय भाकरी थापता थापता विचारत होती, ‘‘भाऊजी, काय झालं वो तिच्या नोकरीचं?’’

पोरगी तिथंच पालक निवडत बसली होती. मी म्हणालो, ‘‘उत्तर द्यायला उशीर केला तिनं. दोन दिवस तसंच ठेवलं.’’

भावजयीनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि लेकीला बोलली, खूप बोलली. बाप नाही, चुलत्याच्या जिवावर शिकली, आणि एवढंसुद्धा वेळेत करता येईना. मुलीनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा पालक निवडायला लागली.

पुढं कंपनीचं काही आलं नाही. वर्षभरानं तिचं लग्न करून अणदूरला दिलं. आईच्या तोंडी ते शेवटपर्यंत होतं. दवाखान्यातसुद्धा नर्सला सांगत होती, हुशार हाय माझी लेक, पण लई आळशी. पुतणी पायथ्याशी बसून तिचे पाय चेपत होती. मीही तिथंच होतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं.

तेराव्यानंतर मी पुतणीला विचारलं, आईला खरं का नाही सांगितलंस?

‘‘तुमी सांगचाल म्हणून वाट बघितली,’’ ती म्हणाली, आणि एसटीची वेळ झाली म्हणून पिशवी उचलली.

ती व्यक्ती बाई होती की बुवा, मला आजही ठाऊक नाही. उत्तर माझ्यामुळं थांबलं होतं. मुलीचं सोमवारी सकाळीच लिहून तयार होतं, आणि ते बरोबर होतं.