अंगण दाखवा की, साहेब

मला राग आला की माझ्या तोंडातून माझा आवाज निघतच न्हाई. शाळेत होतो तव्हा हेडमास्तरांचा निघायचा, अन् त्याच्यापायी त्यांच्याच हातचा मार खायचो. आता निघतो तो आमच्या साहेबांचा. नाकातून, हळू, शहरातून शिकून आल्यावानी: "काय आहे ना, लोकांना फील आला पाहिजे. फील."

साहेब म्हणजे हिंगोलीतल्या ज्या इंजिनिअरच्या ऑफिसात मी कामाला होतो ते. माझं काम असं, की घर बांधायच्या आधी ते कसं दिसंल त्याचं चित्र कॉम्प्युटरवर बनवायचं. रेंडर म्हणतात. मी बहुतेक बंगलेच करायचो. डोंगरकडा गावच्या एका गिऱ्हाइकानं तर चित्रात दारापुढं लांबलचक विलायती गाडी उभी करून घेतली होती. गड्याकडं होती मोटरसायकल, ती बी मेव्हण्याची. मी हसलो न्हाई. चित्रात गाडी लावल्यानं कुणाचं काय बिघडतंय?

बिघडतं. ते पुढं कळलं.

ऑफिसला वस्तीचं काम आलं. पत्र्याची जुनी वस्ती पाडून तिथंच सरकारी योजनेत पक्की घरं, खाली एक अन् वर एक. त्याच वस्तीत माझी मावशी ऱ्हाते. काही घरं आमची बौद्धांची, काही तांड्यावरून गावात कामाला आलेल्यांची. मधी एक मोकळं पटांगण हाय, लिंबाचं झाड हाय. तिथंच लग्नाचा मांडव पडतो, तिथंच मयताला लोक बसतात, अन् बाकीचे दिवस तिथं मावशी गोधड्या शिवते. तिच्या संगं अजून तिघी-चौघी. गोधडी पूर्ण पसरल्याबिगर शिवता येत न्हाई, चारी कोपऱ्यांवर बाया बसाव्या लागतात. मावशीचं घर त्याच्यावर चालतं.

पैलं चित्र साहेबांनी घाईत माझ्याकडून तयार मालावर करून घेतलं. काचा, हिरवळ, गुळगुळीत पांढऱ्या भिंती. कॉम्प्युटरमधी तयार माणसं भेटतात, ती सगळी गोरी, एकीच्या हातात कुत्र्याची दोरी. वस्तीच्या समाजमंदिरात मीटिंग भरली, पडद्यावर ते चित्र लावलं, अन् हशा पिकला.

"हे कोणतं गाव हाय?" एक म्हातारा.

"ह्या बाया कोण आल्या?" मावशी. "घरं ह्यांना देऊन राहिले का आमाला?"

"मावशे, तूच हायेस ती, पार्लरला जाऊन आली."

"कुत्रं कुणाचं हाय ते सांगा आधी. आमचं तर इतकं न्हात न्हाई."

संमतीच्या कागदावर कुणी सही केली न्हाई. आन् तिथं आधीपासून ऱ्हाणाऱ्यांची संमती असल्याबिगर घरं पाडता येत नव्हती. साहेब गाडीत बसल्यावर म्हणले, "काय आहे ना, ह्यांना स्वप्न पाहायचीसुद्धा सवय नाही. तू तुझ्या पद्धतीनं कर."

मग मी केलं. खरं सांगतो, इतक्या जीवानं मी काहीच केलं नव्हतं. प्लास्टर गुळगुळीत ठेवलं की चित्रात प्लास्टिकची बादली वाटती, म्हणून चमक काढून टाकली, भिंतीला थापीचे हलके वळ दिले. रंग साधे: फिका पिवळा, दाराभोवती निळा पट्टा, अन् खाली गुडघ्याएवढा गेरूचा, कारण पावसाचं चिखलपाणी उडून भिंत तिथंच घाण होती. सूर्य आपल्या गावाचा लावला. कॉम्प्युटरला जागा अन् महिना सांगितला की तो बराबर सावली पाडतो. बोळ अरुंदच ठेवले. दोन मोटरसायकली शेजारून जातील, तिसऱ्यानं थांबावं. अरुंद बोळाला दोन्हीकडच्या भिंतींची सावली भेटती, वैशाखात तीच कामाची. गच्चीचं पाणी उतरायचा पाइप भिंतीवर तसाच दाखवला. पाण्याच्या काळ्या टाक्या, लाइटचे वायर, लोखंडी जाळीची खिडकी, खाली शहाबादी फरशी.

साहेब म्हणले, "पाइप कशाला दाखवलास?"

म्हणलं, "पाइप बसवणार न्हाई का साहेब?"

माणसं बी मी आमचीच टाकली, मोबाइलवर फोटो काढून काढून. आन् सगळे बोळ जिथं येऊन भेटतात त्या मधल्या अंगणात मावशीची गोधडी पसरली. खरी. तिचा वरून फोटो काढला अन् चित्रात फरशीवर अंथरला. लाल काठ, मधी जुन्या लुगड्यांचे चौकोन.

दुसऱ्या मीटिंगला कुणी हसलं न्हाई. लोक उठून पडद्याजवळ गेले. एकानं पाइपावर बोट ठेवलं, "हे खरं हाय. पाइप हाय म्हणजे खरं हाय." मावशी कंबरेवर हात ठेवून उभी. तिला गोधडी दिसली.

"आगं माय, ही तर माझी हाय! ह्या मेल्यानं माझी गोधडी नेली पडद्यात."

"इथंच बसायचं तुला मावशी," मी म्हणलो.

"इथं? झाडाजवळ?"

"इथंच."

तिनं मला सगळ्यांसमोर जवळ ओढून बोटं मोडली. साहेब पुढच्या खुर्चीत बसून बघून राहिले होते. तवाच त्यांच्या डोक्यात काय शिजलं ते मला कळायला पायजे होतं. मी फुगलो होतो, मला काय कळतंय.

महिन्याभरानं ऑफिसात नवा नकाशा आला. साहेब म्हणले, कॉम्प्युटरमधलं वस्तीचं मॉडेल त्याच्यापरमाणं बदलून ठेव, वर पाठवायचंय. मी बदलत गेलो. घरं तीच, बोळ तेच, अन् अंगणाच्या जागी गाळे. दुकानाचे गाळे, शटर रस्त्याकडं, पाठी वस्तीकडं. झाड न्हाई. जे बोळ अंगणात उघडत होते ते सगळे गाळ्यांच्या पाठभिंतीला जाऊन थांबले होते.

"साहेब, अंगण?"

"काय आहे ना, ओपन स्पेस मागच्या बाजूला काढलीय." मागच्या बाजूला नाल्याचा काठ. लांब चिंचोळी पट्टी. तिथं गोधडी पसरायची तर उभी टांगावी लागंल.

"मग चित्र नवं करू का? सह्यांची शेवटची मीटिंग हाय ना?"

"नको. जुनंच दाखव. बोळाचं दाखव, पाइपाचं दाखव, ते गोधडीचं दाखव. प्लॅन त्यांना कुठं वाचता येतो?" आन् मग ते माझ्या खांद्यावर हात ठेवून, एकदम मायेनं बोलले, "तुझं चित्र खरं वाटतं रे. त्या काचेच्या चित्रावर कुणी विश्वास ठेवला नसता. हेच तर पाहिजे."

मला शिव्या खूप येतात. शाळेतली कमाई ती. त्या वक्ताला एक बी आठवली न्हाई. काचेचं चित्र खोटं होतं तर लोक हसले, घरी गेले, काही गेलं न्हाई कुणाचं. माझ्यावर मात्र त्यांनी भरवसा टाकला. गेरूचा पट्टा, थापीचे वळ, वायर, सगळं मी खरं खरं घातलं, अन् त्याच्याच आडून ह्यांनी अंगण उचललं. चोरानं दार फोडलं न्हाई. मीच किल्ली घासून दिली होती. अन् किल्लीवर मावशीची गोधडी.

शेवटच्या मीटिंगला समाजमंदिर भरलं होतं. साहेब, वॉर्डाचे नगरसेवक, टेबलावर संमतीचे कागद, शाईचा पॅड. साहेबांनी मला खूण केली, चित्र लाव. मी लॅपटॉप उघडला.

"मी म्हणतो, चित्रं काहून बघायची?" मी म्हणलो. "चला की चालत जाऊ घरी."

नवं मॉडेल होतं त्याच्यात. त्याच्यात चालता येतं, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, बटन दाबलं की पुढं. पडद्यावर बोळाचं तोंड आलं, पिवळ्या भिंती, निळं दार. लोक खूश. मी माइक घेतला अन् त्यांचेच आवाज काढायला लागलो. आधी भाजीवाला, हातगाडी ढकलत: "ए मेथीऽऽ! बाजूला घ्या मोटरसायकल, कुणाची हाय ती?" हशा. मग तो म्हातारा, पाइपाजवळ थांबून खोकत. "व्हय व्हय, मीच!" म्हातारा खालून ओरडला. मग मावशी, कमरेवर गठुडं, चालता चालता सगळ्यांच्या दारात डोकावणारी: "का गं, आज बी खिचडीच का?"

"मेल्या!" मावशी लाजली. "चल आता, अंगणात चल. दमले मी."

"चला अंगणात!" लोक ओरडले.

साहेब उठले. "बास, बास, वेळ नाहीये."

मी बटन दाबून ठेवलं. बोळ सरकत गेला, शेवटचं दार मागं पडलं, अन् पडद्यावर नुसती भिंत आली. मी थांबलो न्हाई. भिंत मोठी मोठी होत गेली, सगळा पडदा भरून गेली. प्लास्टर बी मीच केलेलं. थापीचे वळ स्पष्ट दिसून राहिले होते.

पुढचे लोक माना वाकड्या करून भिंतीच्या पल्याड बघायला लागले.

"वळ ना," मावशी म्हणली. तिला वाटलं मी चुकलो.

मी मागं आलो, दुसऱ्या बोळातून गेलो. भिंत. तिसऱ्यातून. भिंत.

"बाबू," ती हळू म्हणली, "गोधडी कुठं हाय?"

मंग जे झालं ते तुमी समजून घ्या. म्हाताऱ्यानं शाईचा पॅड उचलून स्वतःच्या खिशात घातला, सदरा निळा झाला तरी दिला न्हाई. बाया टेबलापाशी गेल्या अन् साहेबांना एकच विचारत राहिल्या, अंगण दाखवा की साहेब, अंगण दाखवा की. नगरसेवक सगळ्यात जोरात चिडले, जसं काय त्यांना गाळ्यांचं आत्ताच कळलं. तसा आवाज मला अजून जमला न्हाई, कबूल करतो.

बाहेर गाडीपाशी साहेबांनी मला धरलं. "तू आमचा माणूस आहेस की त्यांचा?"

माझा आवाज निघालाच न्हाई. निघाला तो त्यांचा, नाकातून: "काय आहे ना साहेब, लोकांना फील आला पाहिजे."

नोकरी तिथंच संपली. आता आमच्या हिंगोलीकडच्याच गोरेगावात फोटो स्टुडिओत बसतो, लग्नाच्या अल्बमात नवरदेवाच्या मागं धबधबा लावतो. निदान नवरदेवाला म्हाईत हाय, धबधबा खोटा हाय.

नकाशा बदलला. पूर्ण न्हाई. गाळे निम्मे राहिले, अंगण निम्मं भेटलं, झाड वाचलं. लोक म्हणतात, झालं ना काहीतरी. मला हे 'काहीतरी' ऐकलं की अजून डोकं फिरतं. अख्खं होतं त्यांचं. त्यांचंच अर्धं त्यांना देऊन वर पेढे वाटले. आता जोती झालीत, भिंती चढून राहिल्यात. मावशी जाऊन पावलांनी अंगण मोजून आली. गोधडी बसते, बाया बसत न्हाईत. दोघी अंगणात अन् दोघी बोळात बसून शिवू म्हणते.

साइटच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स हाय. त्याच्यावर माझंच चित्र, अख्ख्या अंगणाचं, अन् खाली साहेबांचं नाव. परवा मावशीसंगं तिथून चाललो होतो. मी थांबलो, तोंडात थुंकी गोळा केली.

मावशीनं माझं मनगट धरलं.

"तिकडं नको थुंकू," ती म्हणली. "गोधडी माझी हाय."