गोळा झालेले मटार

सून गरोदर होती, सातवा महिना चालू होता, आणि भर मे महिन्यात तिला मटारची कचोरी खावीशी वाटली. सुरतेत ही कचोरी थंडीत घरोघर होते. उन्हाळ्यात ताजे मटार कुठले? तिने फोनवरून फ्रोझन मटार आणि मक्याचे दाणे मागवले.

सामान दुपारी आलं तेव्हा मी साड्यांना टिकल्या लावायच्या कामावर होते. संध्याकाळी घरी येऊन फ्रीजर उघडला, तर मटारच्या पाकिटाची वीट झालेली. दाणे सुटे नाहीत, सगळे एकमेकांना चिकटलेले, वर बर्फाचा पांढरा थर. मक्याचंही तसंच.

"हे वितळून परत गोठलंय," मी म्हटलं.

"डिलिव्हरीवाल्याची गाडी पंक्चर झाली होती, मम्मी. आल्याबरोबर फ्रीजरमध्ये टाकलं. चालशे ना?" सून सुरतेतच वाढलेली, काळजी वाटली की गुजरातीत बोलते.

"आलं तेव्हा हाताला कसं लागलं?"

ती आठवू लागली. "मटार कडेने मऊ होते, पण मधे दगड. पाकीट हातात धरवत नव्हतं, इतकं गार. मक्याचं मात्र पूर्ण ढिलं झालेलं, आत पाणी. कोमटच म्हणा."

मग माझ्या मनात शंका उरली नाही. मटारमध्ये बर्फ शिल्लक होता, म्हणजे ते गार राहिले होते. नीट शिजवले की झालं. मका किती वेळ कोमट होता कोण जाणे. ते पाकीट मी सरळ कचऱ्यात टाकलं.

"वास तरी घेऊन बघा," ती हळहळली.

"वासावरून सगळं कळत नाही. आणि परत गोठवलं म्हणून त्यातले जंतू मरत नाहीत."

मी पाकीट कापून मटार ताटात आपटले, तर हिने सवयीने दोन गोठलेले दाणे उचलून तोंडाशी नेले. लहानपणापासून ती ते गोळ्यांसारखे चघळते. मी तिचा हात धरला. "कच्चे नाही. आता तर मुळीच नाही."

"मम्मी, दोनच!"

"एकही नाही."

ती रुसून स्टुलावर बसली. मी मटार न वितळवता तसेच उकळत्या पाण्यात सोडले आणि चांगले मऊ होईपर्यंत शिजवले. साली सुटल्या, हिरवा रंग फिका पडला. पुलावात ते दाणे वाईट दिसले असते. कचोरीत कुटूनच घालायचे होते. आलं-मिरची, थोडी साखर, लिंबू घालून सारण कोरडं होईतो परतलं.

पहिली कचोरी फोडल्यावर वाफ निघाली तसा तिचा रुसवा गेला. मुलगा कामावरून आला तेव्हा ताटलीत त्याच्यासाठी मोजून तीन राहिल्या होत्या.

"एवढ्याच?" त्याने विचारलं.

सून पोटावर हात ठेवून म्हणाली, "आम्ही दोघं होतो ना."