कडकवहिनींचे एकोणतीस तास चाळीस मिनिटं

कडकवहिनींनी पहिल्याच भेटीत माझा शर्ट उतरवून घेतला. गैरसमज नको. भर जिन्यात, दिवसाढवळ्या, आणि त्यांच्या नवऱ्याच्या साक्षीने. आम्ही या इमारतीत राहायला येऊन जेमतेम तास झाला होता. मी कपाट वर चढवत होतो. म्हणजे कपाटाचं एक टोक माझ्याकडे होतं आणि दुसरं देवाकडे. तेवढ्यात वरून एक बाई खाली आल्या, माझ्या कॉलरकडे अपघाताकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाल्या, "भावोजी, हा शर्ट तुम्ही घातलाय की शर्टाने तुम्हाला?" पाच मिनिटांनी मी बनियनवर कपाट ढकलत होतो. दहाव्या मिनिटाला शर्ट परत आला तो इतका कडक, की कपाटाऐवजी तोच भिंतीला टेकवून ठेवता आला असता. 'कडकवहिनी' हे नाव इमारतीने आधीच ठेवलेलं होतं. मी फक्त त्याला मनापासून अनुमोदन दिलं.

वहिनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींच्या इस्त्रीयंत्रावर काम करायच्या. एका बाजूने ओली चादर आत, दुसऱ्या बाजूने कोरडी बाहेर, मग टोकाला टोक लावून घडी. ड्यूटी आठ ते पाच. कंत्राट सहा-सहा महिन्यांचं. पण वॉर्डातल्या कपड्यांची शेवटची गाडी साडेचारला यायची, आणि आलेला माल त्याच दिवशी तयार व्हायलाच हवा. सुपरवायझरची पद्धत ठरलेली होती. माल उरला की पाच वाजता सगळ्यांनी अंगठा लावून यायचं आणि परत मशीनवर उभं राहायचं. हजेरीच्या यंत्राच्या हिशेबाने वहिनी रोज पाचला सुटत. वहिनींच्या पायांचा हिशेब वेगळा होता.

याबद्दल त्यांनी तक्रार केली नव्हती असं नाही. धुलाईघराच्या ग्रुपवर त्या रोज निबंध पाठवत. "आम्ही काय लोखंडाच्या आहोत का? मेलं रोजचंच झालंय! महिन्यात शंभर तास फुकट राबलो, कुणाला काही वाटतंय का? ज्याच्या मनाला लागायचं त्याला लागू दे!" त्यावर सुपरवायझर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवायचा. चार महिन्यांत त्याने एवढे हात जोडले, की कामाला हात उरलेच नसावेत.

एका रविवारी दुपारी वहिनी माझ्या दारात उभ्या. आत येईनात, बाहेरही जाईनात.

"भावोजी, पगाराचे कागद गुरुवारी हिशेबाला जातात. आणि महिनाअखेरीला माझं कंत्राट संपतंय. बोलले तर ते जाईल, नाही बोलले तर पैसे जातील. काय करू?"

"अगं, गप्प बस ना!" जिन्यातून त्यांच्या नवऱ्याचा आवाज आला. "शंभर तासांपायी अख्खी नोकरी घालवशील."

"अहो, तुम्ही चहा प्या!" वहिनी वरच्या दिशेने ओरडल्या.

मी विमा कंपनीत दावे तपासण्यात बावीस वर्षं घालवली आहेत. त्यातून एकच ज्ञान मिळालं, की विशेषणांना पैसे मिळत नाहीत. 'भीषण आग' लिहिणाऱ्याला आम्ही चहा देत असू, 'दोन पंखे, एक टेबल' लिहिणाऱ्याला चेक. म्हणून मी लॅपटॉप उघडला आणि म्हणालो, "सुपरवायझर नको, ग्रुप नको. थेट एचआरला ईमेल करू. कुठल्या तारखेला किती वाजेपर्यंत काम केलं, सांगा."

"रोज! रात्रंदिवस!"

"तारीख, वहिनी."

"तारखा काय मी गळ्यात बांधून फिरते?" त्या खोलीत फेऱ्या मारू लागल्या. सोफ्याचं कव्हर नीट केलं. पडद्याची चुणी मोडली. माझ्या टेबलावरचा रुमाल उचलून तळव्याने दाबू लागल्या. मग एकदम थांबल्या. "फोटो आहेत."

कसले फोटो? प्रत्येक बॅच धुवून, घडी घालून वॉर्डात गेली की रजिस्टरमध्ये बॅचचा नंबर, सोपवल्याची वेळ आणि सही होते. त्या दिवसाच्या शेवटच्या पानाचा फोटो वहिनींना मुख्य सिस्टरांना पाठवावा लागे. चादरी निर्जंतुक झाल्या की नाही हे त्या बघत. म्हणजे जो पुरावा शोधत आम्ही घर डोक्यावर घेतलं होतं, तो रोज संध्याकाळी वहिनींच्याच हातून हॉस्पिटलात जमा होत होता!

आम्ही गेल्या महिन्याचे फोटो मांडले. दोन तारीख, सहा पन्नास. पाच तारीख, सव्वासात. नऊ तारीख, आठ वाजून पाच मिनिटं. असे सतरा दिवस. मी बेरीज केली, परत केली, आणि घाबरत घाबरत सांगितली.

"एकतीस तास चाळीस मिनिटं."

वहिनींचा चेहरा असा पडला, जणू कुणी त्यांची चादर चिखलात टाकली. "फक्त? मी सगळ्यांना शंभर सांगितलेत! तुम्ही कुणाच्या बाजूने आहात, भावोजी?"

"बेरजेच्या."

"तुमची बेरीज घाला चुलीत!" म्हणून त्या तडक वर गेल्या. वरून इस्त्री आपटल्याचा आवाज येत राहिला. अर्ध्या तासाने परत आल्या, त्या हातात माझाच रुमाल घेऊन, कडक.

"एकवीस तारखेला मी तीनलाच निघाले होते. सुपरवायझरने सोडलं होतं. ते दोन तास वजा करा."

"कुणी विचारणार नाही, वहिनी."

"घडीत एक कोपरा आत दुमडलेला असला ना, की उलगडणारा सगळी चादरच झटकतो. करा वजा."

बावीस वर्षांत असा दावेदार मला एकही भेटला नव्हता. त्यांचं नेमणूकपत्र मागवून घेतलं आणि लिहिलं:

"विषय: मागील महिन्यातील जादा कामाचे तास व मोबदला. माझी कामाची वेळ आठ ते पाच आहे. खालील सतरा तारखांना पाच वाजता हजेरी नोंदवून काम पुढे चालू ठेवण्यास मला सांगण्यात आले. प्रत्येक तारखेपुढे शेवटची बॅच सोपवल्याची वेळ दिली असून रजिस्टरच्या पानांचे फोटो जोडले आहेत. एकूण ३१ तास ४० मिनिटे. एकवीस तारखेला परवानगीने लवकर गेल्याचे २ तास वजा करता २९ तास ४० मिनिटे होतात. नेमणूकपत्राच्या कलम नऊनुसार जादा कामाचा दर दीडपट आहे. त्याप्रमाणे मोबदला या महिन्याच्या पगारात मिळावा आणि यापुढे हजेरी प्रत्यक्ष सुटण्याच्या वेळी नोंदवावी, ही विनंती. दहा दिवसांत लेखी उत्तर मिळावे."

वहिनींनी तीनदा वाचलं. "यात माझा राग कुठंय?"

"मी काढला."

"एक तरी 'मेलं' ठेवा ना."

"नाही."

त्यांनी डोळे मिटून पाठवण्याच्या बटणावर बोट टेकवलं, आणि बोट भाजल्यासारखं मागे घेतलं.

पुढचे आठ दिवस इमारतीने भोगले. वहिनी कामावरून आल्या की जिन्यात फोन बघत उभ्या राहत, आणि फोन गप्प असला की दिसेल त्याला इस्त्री करत. माझे मोजे झाले. वर्तमानपत्र झालं. त्यांचा नवरा खुर्चीतून उठायला भीत होता, मध्येच उचलून घडी घातली तर! रोज एकच प्रश्न: "भावोजी, कंत्राट गेलं असेल का हो?" आणि मी दरवेळी "नाही" म्हणायचो आणि आत जाऊन पत्रातली बेरीज परत तपासायचो. पत्र माझ्या बोटांनी लिहिलं होतं, नोकरी त्यांची होती.

नवव्या दिवशी तीन ओळींचं उत्तर आलं. नोंदी तपासल्या. दोन दिवसांचे फोटो अस्पष्ट असल्याने अडीच तास वगळून सत्तावीस तास दहा मिनिटं मान्य. कंत्राट सहा महिन्यांनी वाढवलं आहे.

पैसे पगारात आले. त्याच महिन्यापासून इस्त्रीयंत्र पाचला बंद होतं, आणि साडेचारच्या गाडीतल्या चादरी बाहेरच्या लाँड्रीत जातात.