दोन आवृत्त्यांच्या बाई

शैलजा खैरनार यांना किळस यायला फार काही लागत नसे. अशुद्ध लिहिलेली दुकानाची पाटी पुरे. अशोकस्तंभाकडून गंगापूर रोडला पायी घरी जाताना त्या मान खाली घालून चालत. लोकांना वाटे, बाई किती साध्या. बाई साध्या नव्हत्या. त्यांना पाट्या वाचायच्या नसत.

चांदवडच्या शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं. निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला आल्या, तेव्हा त्यांचा जुना विद्यार्थी हर्षल गांगुर्डे यानं स्पर्धा परीक्षांचा क्लास काढला होता. हर्षल शाळेत मराठीत जेमतेम पास व्हायचा. क्लास मात्र जोरात चालला. त्यानं बाईंना व्याकरण शिकवायला बोलावलं, आणि पुढे त्यांच्याच टिपणांचं ‘अचूक मराठी’ नावाचं पुस्तक छापलं. मुखपृष्ठावर बाईंचा फोटो होता. लग्नाला निघाल्यासारखा तो फोटो बाईंना आवडला नव्हता, पण आतला मजकूर त्यांचा होता, शब्दन्‌शब्द.

बाईंची शिकवण्याची एक रीत होती. त्या मुलांना नियम पाठ करू देत नसत, बोलायला लावत.

“पुस्तकी मराठीत ‘सैन्य आले’ आणि ‘लोक आले’. दोघांचं शेपूट सारखं, म्हणून तुम्ही फसता. आता घरी बोलता तसं बोला. सैन्य?”

“आलं!” वर्ग ओरडे.

“कुटुंब?”

“आलं!”

“लोक?”

“आले!”

“झालं तर. सैन्य आलं आहे, लोक आले आहेत. फौज आली आहे, जनता आली आहे. आत किती माणसं कोंबलीत ते मोजायचं नाही, शब्दाचं वचन बघायचं. सैन्यात लाख माणसं असोत, शब्द एक आहे. आणि लोक चारच असले तरी अनेकवचनी.”

“आणि मंडळी, मॅडम?” हे विचारणारी सरिता भोये. हरसूलकडची. अशोकस्तंभाजवळ चार मुलींत एक खोली घेऊन राहायची आणि शनिवारी जुन्या सीबीएसवरून एसटीनं घरी जायची. पहिल्या बाकावर बसून ती असा प्रश्न विचारायची की बाईंना दुसऱ्या दिवसापर्यंत बरं वाटायचं.

“मंडळी आली आहे म्हणतात, आली आहेत असंही म्हणतात. शहाणा माणूस ते परीक्षेत विचारत नाही.”

“आणि येडा?”

“वेड्यांचा भरवसा मी देत नाही.”

इथे वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांना वेड्यांचा अनुभव होता.

त्या वर्षी एका सरकारी महामंडळात लिपिकांची भरती निघाली. कुठलं महामंडळ ते सांगण्यात अर्थ नाही, सगळ्यांची कपाटं सारखीच असतात. सरितानं परीक्षा दिली. उत्तरतालिका आली त्या दिवशी ती मोबाइल पुढे धरून बाईंच्या दारात उभी राहिली.

“मॅडम, एका मार्कानं चाललंय माझं. हा प्रश्न बघा.”

प्रश्न असा होता: ‘सैन्य वेगवेगळ्या तळांवर विश्रांती घेत —’. पर्यायांत ‘आहे’ होतं, ‘आहेत’ होतं, आणि कुणीतरी जांभई देत लिहिलेले ‘आहोत’, ‘आहात’ही होते. सरितानं ‘आहे’ लिहिलं होतं. तालिकेत ‘आहेत’ बरोबर होतं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ‘आहेत’ तिथेच होतं.

“आक्षेप घे,” त्या म्हणाल्या. “साधी चूक आहे. दुरुस्त करतील.”

त्या वेळी त्यांना तसं खरंच वाटत होतं. माणूस सत्तरीला आला तरी काही बाबतींत बाळच राहतो.

आक्षेप घेतला. आठवड्यानं उत्तर आलं. सरिता ते वाचून दाखवेना. तिनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि पंख्याकडे बघत बसली. बाईंनी स्वतः वाचलं: ‘आक्षेप अमान्य. संदर्भ: अचूक मराठी, सुधारित आवृत्ती. लेखिका: शैलजा खैरनार.’

सुधारित आवृत्ती घरात होती. गेल्या दिवाळीत हर्षलनं पेढ्यांच्या बॉक्सबरोबर आणून दिली होती. पेढे नातवानं संपवले, पुस्तक फडताळात गेलं. स्वतःचं पुस्तक कोण उघडून बघतं? बाईंनी ते आता उघडलं. आत एक नवं प्रकरण होतं. समूह एकजुटीनं वागत असेल तर क्रियापद एकवचनी, समूहातली माणसं आपापलं वेगळं काही करत असतील तर अनेकवचनी. खाली उदाहरण: ‘कुटुंब सुट्टीत वेगवेगळ्या गावी गेले आहेत.’

हा नियम त्यांच्या ओळखीचा होता. इंग्रजीच्या पुस्तकात तो त्यांनी पाहिला होता, तिथे तो त्याच्या घरी होता. इथे त्याला कुणीतरी धोतर नेसवून आणलं होतं, आणि गाठ मारायची राहून गेली होती.

“मॅडम, हे तुम्ही लिहिलं?” सरितानं विचारलं. फक्त विचारलं.

“चप्पल घाल,” बाई म्हणाल्या. “क्लासला जाऊ.”

क्लासच्या दारावर नवा फ्लेक्स लागला होता. बाईंचा लग्नाला निघालेला फोटो आता माणसाएवढा झाला होता. त्याखाली: ‘प्रश्न जसाच्या तसा आमच्या पुस्तकातून!’ बाईंनी मान खाली घातली, पण उपयोग नव्हता. फ्लेक्स पायापर्यंत होता.

हर्षल केबिनमधून हात जोडत बाहेर आला. “या बाई, या! बघितलं का? पेपर काढणारेसुद्धा आपलं पुस्तक वापरतात. चहा सांगू? बिनसाखरेचा.”

“हे प्रकरण कुणी लिहिलं?”

“आपली स्नेहल. इंग्रजी घेते ना, ती. लय हुशार पोरगी. म्हणाली, मराठीच्या बुकात ग्रुपवाल्या नावांचा टॉपिकच नाही. एका दिवसात लिहून दिला.”

“दिसतंय.”

“पण बाई, लॉजिक तर आहे ना? सैन्य वेगवेगळ्या तळांवर आहे म्हटल्यावर एक कसं राहील?”

“हर्षल, सैन्य पळालं तरी एकवचनातच पळतं. दहा दिशांना पांगलं तरी ‘पांगलं’च. तुला ते अनेक दाखवायचं असेल तर ‘सैनिक’ म्हण. शब्द आहे तसा, फुकट मिळतो. तुझ्या आईनं कधी ‘कुटुंब गेले आहेत’ म्हटलंय का? ती म्हणेल, घरातली माणसं गेली आहेत. विचार घरी जाऊन.”

“आईला कशाला मध्ये घेता, बाई.” हर्षल ओशाळला, पण फार वेळ नाही. “बरं, पुढच्या आवृत्तीत काढू.”

“या पोरीची नोकरी या आवृत्तीत जातेय. मला लिहून दे की ते प्रकरण माझं नाही.”

हर्षलनं सरिताकडे पाहिलं, फ्लेक्सकडे पाहिलं, आणि दार लोटून घेतलं. “बाई, आता तालिकेत आपलं नाव आलंय. हजार पोरं त्या नावावर येतील. आणि मी लिहून देऊ की पुस्तक चुकलं? तुम्हीच म्हणायच्या ना शाळेत, छापलेल्या अक्षराचा मान ठेवावा?”

बाई खरंच तसं म्हणत असत. आपलंच वाक्य या तोंडातून ऐकताना त्यांना, जेवणात केस निघावा आणि तो आपलाच असावा, तसं वाटलं.

त्यांनी स्वतःच्या सहीनं पत्र लिहिलं आणि सरिताला घेऊन नाशिकरोडच्या कार्यालयात गेल्या. तिथले साहेब समजूतदार होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

“म्हणजे लेखिकेचं चुकलं, असं तुमचं म्हणणं.”

“लेखिका मीच आहे.”

“मग पुस्तकात तसं का लिहिलंत?”

“मी लिहिलं नाही.”

“पण लेखिका तुम्ही?”

“हो.”

साहेबांनी पाणी मागवलं. स्वतःसाठी. “हे बघा मॅडम, मी ऐकून घेतो. पण समितीपुढे पत्र चालत नाही. छापील संदर्भ लागतो. पुस्तकाच्या विरोधात पुस्तक.”

“आहे,” सरिता म्हणाली. तिनं पिशवीतून पहिली आवृत्ती काढली. कडा दुमडलेली, समासात पेन्सिलनं ‘आलं / आले’ लिहिलेली. बाईंना ते पुस्तक बघून इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. त्यात बाईंचंच वाक्य होतं: समूहातील व्यक्तींची संख्या पाहू नये, शब्दाचे वचन पाहावे, सैन्य आहे, लोक आहेत. साहेबांनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली. दोन्हींवर तोच फोटो.

“ठेवतो समितीपुढे,” ते म्हणाले. “होईल न्याय.”

परतीच्या सिटीबसमध्ये सरिता पहिल्यांदा घरचं बोलली. तिचा बाप, पुंजा, भाताच्या लावणीनंतर द्राक्षांच्या कामाला पिंपळगावकडे जातो. “या वर्षी मी त्यांना सांगितलंय, जाऊ नका म्हणून. माझं होतंय म्हणून.” बाई खिडकीबाहेर बघत होत्या. पाट्या जात होत्या. त्या दिवशी बाईंनी त्या सगळ्या वाचल्या, काही वाटलं नाही.

न्याय झाला. अंतिम तालिकेत लिहून आलं: ‘सदर प्रश्नाबाबत तज्ज्ञांमध्ये मतभिन्नता असल्याने प्रश्न रद्द करण्यात येत आहे. सर्व उमेदवारांना एक गुण देण्यात येईल.’

तज्ज्ञ एकच होत्या. शैलजा खैरनार यांचं शैलजा खैरनार यांच्याशी पटलेलं नव्हतं, अशी समितीची समजूत झाली होती आणि समितीनं दोघींचाही मान राखला होता. एक गुण सरिताला मिळाला. ‘आहेत’ लिहिणाऱ्यांना त्यांचा राहिला. ‘आहोत’ आणि ‘आहात’ लिहिणाऱ्यांनाही मिळाला. कटऑफ एका गुणानं वर सरकला. सरिता जिथे होती तिथेच राहिली, एका गुणानं खाली.

निवड यादी लागली त्या संध्याकाळी बाई क्लासला गेल्या, राजीनामा द्यायला. हर्षलनं तो नम्रपणे घेतला आणि खणात टाकला. “फोटो मात्र राहू द्या बाई,” तो म्हणाला. “पोरांना आधार वाटतो.” दारावरचा फ्लेक्स बदलला होता. फोटो तोच. खाली लिहिलं होतं: ‘आमच्या लढ्याला यश! सर्व विद्यार्थ्यांना एक गुण!’

त्याखाली सरिता उभी होती, पाठीला बॅग, हरसूलच्या गाडीला निघालेली.

“बापाला सांगितलंस?”

“सांगितलं. ते उद्याच निघतील पिंपळगावला. टोळी चाललीच आहे.”

टोळी चालली आहे. बाईंच्या कानानं ते टिपलं, अगदी बरोबर होतं. कानाला लाज नसते.

“परत बसशील ना परीक्षेला?”

“बसणार की. फॉर्म सुटलेत दुसरीकडचे.” सरिता फ्लेक्सवरच्या बाईंकडे बघत बोलत होती, मग खालच्या बाईंकडे वळली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बाईंना सोसला असता. “मॅडम, एक विचारू? पुढच्या वेळी असाच प्रश्न आला तर काय लिहू? आहे, की आहेत?”

बाईंनी पन्नास वर्षांत या प्रश्नाला कधी क्षणभर वेळ लावला नव्हता.

“आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “आहेच लिही.”

“हो मॅडम,” सरिता म्हणाली, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हो म्हणावं तशी मान डोलावून, बॅग सावरत सीबीएसकडे निघाली. बॅगेच्या जाळीतून पुस्तकाची कोरी कड दिसत होती. सुधारित आवृत्ती होती ती.