बैल न्हाय, नुसतं शिंग

बारामतीच्या आमच्या दवाखान्यात लस देण्याची खोली माझ्याकडे होती, आणि माझ्याकडे धीर फार थोडा होता. करोनाची धांदल ओसरली होती, बूस्टरकडे कोणी फिरकत नव्हतं. अशात पुण्यात तयार झालेली एमआरएनए लस आमच्या फ्रीजमध्ये येऊन बसली. डॉक्टर ज्यांना आवर्जून सांगत तेवढेच लोक यायचे, आणि येणारा प्रत्येक जण उंबऱ्यातूनच विचारायचा, "ही तीच ना, शरीर बदलणारी?" मी सणसर गावची. आवाज चढवायला आम्हाला निमित्त लागत नाही, आणि ही मंडळी तर निमित्त हातात घेऊनच यायची.

एका सकाळी वरकुट्याहून एक जोडपं आलं. तात्या साठीचे, डाळिंबाचे बागायतदार, टोपी कडक इस्त्रीची. मावशी बारीक चणीच्या आणि तोंडाने सैल. त्यांच्या लेकीची किडनी बदलली होती आणि ती त्या आठवड्यात पुण्याहून विश्रांतीला माहेरी यायची होती. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून तिला कायमच्या गोळ्या होत्या. त्या गोळ्या शरीराच्या पहारेकऱ्यांना पेंगुळलेलं ठेवतात, त्यामुळे लस देऊनही तिचं शरीर पुरतं शिकेल याचा भरवसा नसतो. तेव्हा घरातल्यांनी तरी बूस्टर घ्यावा, आणि तो घेऊन मगच तिच्याजवळ बसावं, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

मावशींनी खुर्चीत बसायच्या आधीच दंड पुढे केला. या लशीला सुई नसते. एक छोटं यंत्र कातडीला टेकवायचं, टक्‌ आवाज होतो आणि औषध कातडीत जातं. "झालं? मुंगी तरी जास्त चावती," म्हणत मावशी बाजूला झाल्या. तात्या मात्र हाताची घडी घालून दारातच उभे.

"तात्या, या."

"आधी सांगा, ह्यात हाय काय?"

मी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर कोणीच नव्हतं, तेव्हा सुटका नव्हती.

"ह्यात सांगावा हाय," मी म्हटलं. "आपण पूर्वी पाव्हण्यासोबत सांगावा धाडायचो ना, तसा. शरीरातल्या पेशीला निरोप, की अमुक एक प्रथिन बनव."

"कसलं प्रथिन?"

"करोनाच्या विषाणूच्या अंगावर शिंगं असत्यात. त्यातलं शिंग तेवढं. बैल न्हाय, नुसतं शिंग. त्यानं कुणी आजारी पडत न्हाय. पण शरीराचे पहारेकरी ते बघत्यात आणि ध्यानात ठिवत्यात. उद्या खरा बैल आला, की शिंगावरनंच वळखत्यात."

"मग विषाणू न्हाय ह्यात?"

"मेलेला न्हाय, जिवंत न्हाय. नुसता निरोप, आणि तो पेशीत शिरावा म्हणून तेलकट थेंब. लई बारीक, डोळ्याला दिसायचे न्हाईत."

"म्हंजे फवारणीत स्टिकर घालतो तसं." पानावर औषध धरून राहावं म्हणून फवाऱ्यात जे मिसळतात, ते हे स्टिकर. तात्या आता खुर्चीपर्यंत आले होते. "आणि निरोप पोचल्यावर?"

"पेशीत शिंग तयार हुतं. ह्या लशीतला निरोप आपल्या थोड्या नकला बी काढतो, म्हणून थोडं औषध पुरतं. मग निरोप आणि नकला समद्या विरून जात्यात. पेशीच त्यांचा चुरा करती. आपल्या पेशीत असले निरोप रोजच तयार हुत्यात आणि रोजच मोडत्यात."

तात्यांनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकले. यंत्र उचललं, तर गड्याने पुन्हा हाताची घडी घातली.

"समदं पटलं. पण मी न्हाय घेत."

मग मात्र माझा पारा चढला. एवढा वेळ पालथ्या घड्यावर पाणी घातलं म्हणायचं. "नका घेऊ. पोरगी आली की तुमी अंगणात बसा मास्क लावून, आणि खिडकीतनं बघा तिला."

तात्या खुर्चीत टेकले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी सारखी करत बसले. मावशीच शेवटी म्हणाल्या, "बाई, तिला किडनी ह्यांनीच दिलीया."

तात्या खालमानेने बोलले, "पोरीच्या अंगानं माझी किडनी आत्ता कुठं धरलीय. डॉक्टर म्हनले, तुमचं तिचं जुळतंय म्हणून जमलं. आता मीच जर आतनं बदललो, तर तिच्यात हाय ती बी बदलंल. मग तिचं अंग वळखणार न्हाय तिला. टाकून दील. मला अंगणात बसवा, कुठं बी बसवा. पण तसलं काय नको."

ज्याला मी हट्टी समजून झापत होते, तो माणूस स्वतःसाठी घाबरतच नव्हता. मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले.

"तात्या, डाळिंबाची गुटी बांधता?"

"बांधतो की." फांदीची साल काढून तिथे माती-शेवाळ बांधलं की मुळं फुटतात. मग ती फांदी तोडून वेगळं रोप लावायचं, ही गुटी.

"गुटी तोडून पाव्हण्याच्या रानात लावली. नंतर तुमी तुमच्या मूळ झाडावर फवारा मारला. पाव्हण्याच्या रोपाला लागतो?"

"छ्या. ते कसं लागंल?"

"तुमची किडनी आता पाव्हण्याच्या रानात हाय. हितलं औषध तितं जात न्हाय. ही एक गोष्ट झाली. दुसरी, फवाऱ्यानं झाडाची जात बदलती का?"

"न्हाय. भगवा वाण भगवाच राहतो."

"मग ह्यानं बी बदलत न्हाय. माणसाची जात, म्हंजे तुमचं आणि पोरीचं जे जुळतं ते, पेशीच्या आतल्या खोलीत असतं. हा निरोप त्या खोलीत जातच न्हाय. बाहेरच्या सोप्यात येतो, काम सांगतो, तितंच संपतो."

तात्यांनी मान वर केली. "घेतली म्हंजे करोना हुणारच न्हाय?"

"असं मी म्हणणार न्हाय. झाला तर जोर कमी असतो, आणि तुमच्याकडनं तिला लागायचा धोका बी काही दिवस घटतो."

त्यांनी टोपी मावशींच्या हातात दिली आणि बाही वर केली. टक्‌ झालं तेव्हा डोळे मात्र गच्च मिटले होते, आणि त्यावरून मावशी जिना उतरेपर्यंत त्यांना चिडवत होत्या.

लेक घरी आली त्या दिवशी दुपारी मला फोन आला. बोलणारी लेकच होती. आवाज थकलेला, पण हसरा. "सिस्टर, आमच्या तात्यांना समजवा. काल लस घेतली, आता अंग गरम हाय म्हणून गोठ्याकडच्या खोलीत जाऊन बसल्यात. माझा ताप तिला लागंल म्हणत्यात."

मी फोन त्यांना द्यायला सांगितला. सर्दी, खोकला, घसा, सगळं विचारून घेतलं. काही नव्हतं. "तात्या, लशीत विषाणूच न्हाय, तर लागणार काय? पहारेकरी शिकत्यात, त्याची ही कणकण. उद्यापातुर उतरंल. न उतरली, न्हायतर खोकला आला, तर मात्र लांब बसा आणि मला फोन करा."

"ते कळलं," तात्या हळू आवाजात म्हणाले. "पण माझं अंग तापलंय, तर तिच्यातल्या माझ्या किडनीला बी ताप असंल का?"

फोन स्पीकरवर होता. खोलीच्या दारातून लेक म्हणाली, "तात्या, ती आता माझी हाय. तुमी घरात या."

खाट सरकल्याचा आवाज आला, आणि फोन तसाच चालू ठेवून तात्या घरात गेले.